बनाना ब्रेड मधोमध का बसतो? केळी मोजू नका, वजन करा

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय एकदम साधा वाटेल, पण घरोघरी अडतो तो इथेच. बनाना ब्रेड. आणि त्यातली एकच तक्रार: वरून मस्त तपकिरी, वास घरभर, आणि सुरी घातली की मधोमध खड्डा. खड्ड्याच्या खाली ओलसर, चिकट, दातांना चिकटणारा पट्टा. कडा खाऊन संपतात आणि मधला भाग ताटात तसाच राहतो.

अशा वेळी बहुतेक लोक ओव्हनला दोष देतात, नाहीतर बेकिंग सोडा वाढवतात. मी दिवसभर कोड डीबग करतो, त्यामुळे सवय अशी लागली आहे की आधी बघायचं, इनपुट काय गेलं. बनाना ब्रेडमध्ये सगळ्यात बेभरवशाचं इनपुट आहे केळं. मैदा दर वेळी तोच, साखर तीच. केळं मात्र दर आठवड्याला वेगळं. आकार वेगळा, पिकणं वेगळं, त्यामुळे पाणी आणि साखरही वेगळी. आणि रेसिपीत लिहिलेलं काय असतं? "तीन पिकलेली केळी." बस्. आज आपण हे "तीन" आणि "पिकलेली" दोन्ही शब्द उघडून बघू.

ताईची केस

माझी मावसबहीण पुण्यात राहते. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ती शनिवारी सोसायटीतल्या लोकांसाठी बनाना ब्रेड करते, आठ-दहा ऑर्डर असतात. डिसेंबर-जानेवारीत तिचे ब्रेड अगदी छान यायचे. एप्रिल संपत आला आणि ब्रेड बसायला लागले. एका शनिवारी आठपैकी तीन ब्रेड तिने दिलेच नाहीत, पैसे परत केले. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकीने वाढदिवसासाठी सहा ब्रेड सांगितले होते आणि ताई ती ऑर्डर घ्यावी की नाही या विचारात होती. ओव्हनवाल्याला बोलावून झालं होतं. त्याने सांगितलं, रॉड ठीक आहेत.

मला फोन आला. "अरे, तू येऊन बघ ना जरा. रेसिपी तीच, हात तोच, मग बिघडलं काय?"

मी गेलो आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "ताई, केळी किती घेतेस?"

"तीन. नेहमी तीनच."

तिच्याकडे वजनकाटा होता, पण तो मैदा आणि लोण्यापुरता. केळी कधी त्यावर चढली नव्हती. मी तीन केळी सोलून गर ठेवला: ३९० ग्रॅम. मग तिने आठवून सांगितलं की थंडीत कोपऱ्यावरच्या गाडीवरची केळी असायची, लहान. तशी तीन केळी शोधून आणली, सोलली, वजन केलं: २५५ ग्रॅम. म्हणजे "तीन केळी" या दोन शब्दांत १३५ ग्रॅमचा फरक लपला होता.

आता यात पाणी किती? पिकलेल्या केळ्याच्या गरात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. १०० ग्रॅम गरात ७५ ग्रॅमच्या आसपास पाणी आणि बारा ते पंधरा ग्रॅम साखर. म्हणजे जास्तीच्या १३५ ग्रॅम केळ्याबरोबर जवळजवळ १०० ग्रॅम पाणी गेलं. अर्धी वाटी पाणी! ताईला मी म्हटलं, "पिठात अर्धी वाटी पाणी ओतशील का?" ती म्हणाली, "वेडा आहेस का?" पण दर शनिवारी तेच होत होतं, फक्त केळ्याच्या रूपात.

मधला भागच का बसतो?

इथे एक मिनिट थांबू, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

ब्रेडच्या टिनमध्ये उष्णता बाहेरून आत जाते. कडा आधी शिजतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. दरम्यान सोड्यामुळे तयार झालेला वायू आणि पाण्याची वाफ मिश्रणाला वर उचलत असतात. हे उचललेलं तसंच टिकायला आतला सांगाडा घट्ट व्हावा लागतो. तो सांगाडा दोन गोष्टींचा: अंड्यातलं प्रथिन, जे तापून घट्ट होतं, आणि मैद्यातला स्टार्च, जो पाणी पिऊन फुगतो आणि सेट होतो.

नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास फुगायला लागतो. पण साखर पाण्याला धरून ठेवते, स्टार्चला सहज देत नाही. त्यामुळे गोड मिश्रणात हेच काम ८० अंशांच्या पुढे, कधी ९० च्या जवळ जाऊन होतं. म्हणजे साखर जितकी जास्त, तितका मधला भाग उशिरा सेट होणार. आणि पाणी जितकं जास्त, तितका तो उशिरा तापणार, आणि मिश्रण पातळ असल्यामुळे बुडबुडे धरून ठेवायची ताकदही कमी.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. कडा सेट झाल्या आहेत, मधला भाग वायूच्या जोरावर फुगून उभा आहे, पण आत अजून कच्चा. तुम्ही वरचा रंग बघून टिन बाहेर काढला. वायू थंड झाला, आक्रसला, आणि मध्याला धरायला काहीच नाही. धप्प. हाच तो खड्डा.

जास्तीचं केळं पाणी आणि साखर दोन्ही आणतं. म्हणून ते दोन्हीकडून मारतं.

पिकलेलं म्हणजे नक्की किती पिकलेलं?

आता दुसरा शब्द: "पिकलेली".

कच्च्या केळ्याच्या गरात जवळजवळ वीस टक्के स्टार्च असतो. पिकताना तो साखरेत बदलत जातो आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात टक्का-दोन टक्केच उरतो. त्याच वेळी गर सालीतलं थोडं पाणी स्वतःकडे ओढतो. म्हणून पिकत जाताना साल पातळ होते आणि आतला भाग मऊ, रसदार होतो. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिनही सुटत जातं, त्यामुळे शेवटी गर ओघळायला लागतो.

ब्रेडसाठी याचा अर्थ काय? कमी पिकलेलं केळं घातलं तर त्यातला स्टार्च ओव्हनमध्ये पाणी पितो. ब्रेड बसत नाही, पण जड, फिका आणि गोळे-गोळे लागणारा होतो. अति पिकलेलं घातलं तर स्टार्च संपलेला, म्हणजे पाणी पिणारा एक भिडू गेला, आणि त्याच्या जागी साखर आली जी मैद्यालाही पाणी देत नाही. वजन तेच, तरी मिश्रण जास्त सैल. म्हणून मधला टप्पा हवा: साल पिवळी, तिच्यावर चॉकलेटी ठिपके भरपूर, गर काट्याने सहज चुरगळतो पण ताटात पाणी सुटत नाही.

पण सालीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. आणि उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

आपल्याकडे बाजारात जी लांब केळी येतात, जळगावकडची वगैरे, ती बहुतेक कॅव्हेंडिश गटातली, ग्रँड नैन जातीची. या गटाची एक खोड आहे. साधारण २४ अंशांच्या वरच्या तापमानात ही केळी पिकली, तर सालीतला हिरवा रंग नीट जात नाही. गर मऊ, गोड, पूर्ण तयार, आणि साल अजून हिरवट-पिवळी. म्हणूनच रायपनिंग चेंबरमध्ये तापमान थंड ठेवतात, म्हणजे रंग एकसारखा पिवळा येतो. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या स्वयंपाकघरात मात्र सहज ३०-३५ अंश असतात. तिथे घरी पिकवलेलं केळं सालीवरून "अजून दोन दिवस आहेत" असं सांगतं, आणि आत वेळ झालेली असते.

ताईचं नेमकं हेच होत होतं. थंडीत ती ठिपक्यांची वाट बघायची आणि ते बरोबर होतं. मे महिन्यात तीच वाट बघताना ठिपके येईपर्यंत गर ओघळायला आलेला असायचा. म्हणजे मोठी केळी आणि वर अति पिकलेली. दोन बग एकाच रिलीजमध्ये.

उलटंही होतं. घाईने पिकवलेली केळी बाहेरून लख्ख पिवळी आणि आत टणक निघतात. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे, चेंबरमध्ये इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. पण काहीही वापरलेलं असो, आपल्यापुरता धडा एकच: साल बघून केळं घ्या, पण गर बघून वापरा.

गर कसा बघायचा? तीन गोष्टी.

एक, दाबणं. सोललेलं केळं दोन बोटांत धरून हलकं दाबा. बोटं सहज आत जायला हवीत. रबरासारखं परत येत असेल तर कच्चं. बोटं लावल्या लावल्या लगदा होत असेल आणि ओल सुटत असेल तर अति पिकलेलं.

दोन, चव. छोटा तुकडा खा. जिभेवर तुरटपणा राहिला तर थांबा. नुसतं गोड आणि सुगंधी असेल तर चालू करा. दारूसारखा किंवा आंबूस वास आला, देठाजवळ बुरशी दिसली, तर ते केळं ब्रेडमध्येही नको, टाकून द्या.

तीन, ही खास शंकेखोरांसाठी: आयोडीन. केळ्याची एक चकती कापा, तिच्यावर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. स्टार्च असेल तिथे निळा-काळा डाग पडतो. डाग गडद आणि पसरलेला असेल तर स्टार्च बराच शिल्लक आहे. डाग अगदी जरासा असेल तर केळं तयार आहे. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग तोच. चकती नंतर फेकून द्या, खाऊ नका. रोज करायची गरज नाही. दोन-तीनदा केलं की बोटांना दाब कळायला लागतो, आणि मग बोटंच पुरतात.

एक गैरसमज इथेच मिटवू. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी होते, पण ते पिकणं नाही. साधारण १३ अंशांखाली केळ्याच्या सालीला थंडी बाधते, ती काळवंडते आणि आतलं पिकणं मंदावतं. टणक केळं फ्रिजमध्ये काळं करून काही मिळत नाही. तसंच ओव्हनमध्ये भाजून साल काळी करायची युक्ती: गर मऊ होतो, चुरगळायला सोपा होतो, पण दोन-तीन दिवसांत होणारं स्टार्चचं साखरेत रूपांतर त्या पंधरा मिनिटांत होत नाही. पिकवायची घाई असेल तर केळी सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत ठेवा, एक-दोन दिवस द्या.

एका संध्याकाळी तीन ब्रेड

परत ताईकडे. आम्ही ठरवलं, अंदाज नको, करूनच बघू. ताईची रेसिपी वजनात लिहून काढली: मैदा २०० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, तेल ८० ग्रॅम, दोन अंडी, बेकिंग सोडा पाऊण छोटा चमचा सपाट, मीठ पाव चमचा. टिन आठ बाय चार इंचाचा. ओव्हन १७५ अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवलेला. ओव्हनमध्ये एका वेळी एकच टिन, आणि प्रत्येक मिश्रण टिन आत जायच्या जरा आधीच केलेलं, कारण सोडा घातलेलं मिश्रण बाहेर थांबलं की वायू निघून जातो.

पहिला ब्रेड: नेहमीसारखा, ३९० ग्रॅम गर, ५५ मिनिटं. बाहेर काढून मध्यात प्रोब थर्मामीटर घातला: ८९ अंश. वरचा रंग अगदी तयार ब्रेडसारखा. दहा मिनिटांत मध्ये बोटभर खड्डा.

दुसरा ब्रेड: बाकी सगळं तेच, फक्त गर २५० ग्रॅम. ५५ मिनिटं. मध्यात ९७ अंश. बसला नाही. वर मधोमध छान चीर.

इथे ताई म्हणाली, "म्हणजे पहिल्याला वेळ कमी पडला. जास्त भाजला असता तर झाला असता." प्रश्न बरोबर होता, म्हणून तिसरा.

तिसरा ब्रेड: परत ३९० ग्रॅम गर, पण ७५ मिनिटं, शेवटची अर्धा तास वर फॉइल टाकून. मध्यात ९७ अंश आले. खड्डा जवळजवळ नाही. पण गार झाल्यावर कापला तेव्हा तळाशी दीड बोट जाडीचा चकचकीत, गच्च पट्टा. आणि कडा कोरड्या, कडक.

हा तिसरा ब्रेड मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खड्डा आणि चिकटपणा हे एकच दुखणं नाही. खड्डा पडतो, कारण मधला भाग सेट व्हायच्या आत बाहेर काढला. चिकट पट्टा पडतो, कारण मैद्याला झेपेल त्यापेक्षा जास्त ओलं केळं आत आहे. वेळ वाढवून पहिलं सुटतं. दुसरं सुटत नाही, त्यासाठी वजनच कमी करावं लागतं.

लक्षात ठेवायचा एक आकडा

म्हणून माझा साधा नियम: २०० ग्रॅम मैद्याला २५० ग्रॅम केळ्याचा गर, साल काढून मोजलेला. दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले तर काही होत नाही. ३०० पर्यंत ओढता येतं, पण मग बाकीचा ओलावा कमी करा आणि वेळ दहा मिनिटं वाढवा. त्याच्या पुढे नाही. उरलेलं अर्धं केळं? खाऊन टाका की. "आता उरलंय तर घालून टाकू" याच विचाराने निम्मे ब्रेड बसतात.

वेलची केळी वापरत असाल तर तिथे संख्येचा प्रश्नच नाही. एवढीशी केळी, सहा लागतील की आठ, ते काटाच सांगेल.

वजनकाटा नसेल तर? मिश्रणाकडे बघा. बरोबर असेल तर ते चमच्यातून धपकन गोळ्याने पडतं, साधारण कांदाभजीच्या पिठासारखं. डोशाच्या पिठासारखी धार लागली तर ओलं जास्त झालं आहे. अशा वेळी एक-दोन चमचे मैदा घालून हलक्या हाताने मिसळा, पण जोरात फेटत बसू नका, नाहीतर ब्रेड रबरासारखा चिवट होतो.

केळं काट्याने चुरगळा, मिक्सरमध्ये फिरवू नका. मिक्सरमध्ये सगळ्या पेशी फुटतात, सगळं पाणी एकदम मोकळं होतं आणि मिश्रण गुळगुळीत, पातळ होतं. वाटाण्याएवढे थोडे गोळे राहिले तर उत्तम.

आणि केळी अगदीच काळी झाली असतील, किंवा फ्रीझरमधली असतील तर? फ्रीझरमध्ये बर्फाचे कण पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर भरपूर पाणी सुटतं. फेकू नका. गर चाळणीत घाला, खाली पातेलं ठेवा, वीस मिनिटं निथळू द्या. खाली जमलेला रस मंद आचेवर तिसऱ्या हिश्शापर्यंत आटवा. तो घट्ट, काकवीसारखा दिसतो आणि वास अफाट असतो. गार करून गरात परत मिसळा आणि मग २५० ग्रॅम मोजा. केळ्याची चव राहते, फक्त पाणी जातं. आणि अशा केळ्यांबरोबर रेसिपीतली साखर १५-२० ग्रॅम कमी करा, कारण ती साखर केळ्याने आधीच आणली आहे.

अंडं न घालणाऱ्यांसाठी

आपल्याकडे अर्ध्या घरांत बिनअंड्याचा ब्रेड होतो. तिथे जास्त जपायला लागतं. अंडं गेलं म्हणजे सांगाड्याचा एक खांब गेला, सगळा भार स्टार्चवर. आणि अंड्याच्या जागी लोक काय घालतात? अर्धी वाटी दही, वर थोडं दूध, आणि "बाइंडिंगसाठी" एक केळं जास्त. तिन्ही ओली. मग मध्ये हलवा होणारच.

बिनअंड्याचा करताना केळं २५० ग्रॅमच ठेवा. दही घाला, पण घट्ट, पाणी काढलेलं, ६० ग्रॅमच्या आसपास. दूध मिश्रण फारच घट्ट वाटलं तरच, एकेक चमचा. टिन अर्ध्यापेक्षा किंचित जास्तच भरा, काठोकाठ नको. उंची कमी असली की मध्यापर्यंत उष्णता लवकर पोचते.

झाला की नाही, कसं कळणार?

टूथपिकची परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, पण बनाना ब्रेडमध्ये ती फसवते. टूथपिक केळ्याच्या गोळ्यात गेली तर झालेला ब्रेडही ओला दिसतो. आणि कडेला घातली तर कच्चा ब्रेडही कोरडा दिसतो. म्हणून घालायचीच असेल तर बरोबर मधोमध, वरच्या चिरेतून तिरकी, दोन-तीन ठिकाणी. ओलसर कण चिकटले तर चालतील, मिश्रणाचा ओघळ नको. चिरेकडे नीट बघा. आत चकाकी दिसत असेल तर अजून कच्चा आहे. मध्यावर बोटाने हलकं दाबलं तर परत वर यायला हवं.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे प्रोब थर्मामीटर. मध्यात ९६ ते ९८ अंश आले की झालं. वापरायच्या आधी तो उकळत्या पाण्यात तपासा. आणि हो, पुण्यात उकळतं पाणी १०० दाखवणार नाही, उंचीमुळे साधारण ९८ दाखवेल. थर्मामीटर बिघडलेला नाही, पुणं उंचावर आहे. मुंबईत १०० यायला हवेत.

पस्तीस-चाळीस मिनिटांत वरचा रंग गडद झाला आणि आत अजून कच्चं असेल, तर वर फॉइल सैल झाका आणि तापमान १६० वर आणा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड टिनच्या फार जवळ असतो, म्हणून टिन खालच्या जाळीवर ठेवा, म्हणजे ब्रेडचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येतो. पहिली अर्धा तास दार उघडू नका. आणि बाहेर काढल्यावर निदान तासभर कापू नका. गरम ब्रेडमधला स्टार्च अजून बसत असतो. गरम कापलेला चांगला ब्रेडही चिकट वाटतो, आणि मग दोष रेसिपीला जातो.

कापलेली स्लाइस वाचा

ब्रेड बिघडला तरी तो सांगतो काय झालं ते. मधोमधची स्लाइस काढून उजेडात धरा.

खड्डा आहे आणि त्याच्या खाली कच्चं, पिठाळ मिश्रण: वेळ कमी पडला. पुढच्या वेळी थर्मामीटर.

खड्डा नाही किंवा जरासा आहे, पण तळाशी चकचकीत गच्च पट्टा: केळं जास्त किंवा अति पिकलेलं. पुढच्या वेळी वजन, नाहीतर निथळणं.

खड्डा आहे, पण आतला भाग शिजलेला, मोठमोठी भोकं, रंग फार गडद, चव साबणासारखी: सोडा जास्त. मिश्रण पटकन फुगलं, मोठे बुडबुडे एकत्र आले आणि फुटले. २०० ग्रॅम मैद्याला पाऊण छोटा चमचा पुरे. ब्रेड बसतो म्हणून सोडा वाढवणं म्हणजे नेमका उलटा उपाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला. केळं, वेळ आणि सोडा तिन्ही एकदम बदललं आणि ब्रेड चांगला आला, तर कशामुळे आला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी परत अंधारात.

ताईने वाढदिवसाची ऑर्डर घेतली. सहाच्या सहा ब्रेड गेले. तिच्या फ्रिजवर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे: "केळं २५०. दाबून बघ." मे महिन्यात ती केळी ठिपक्यांची वाट न बघता बोटांनी तपासते, आणि जास्त पिकली तर त्याच संध्याकाळी सोलून, २५० ग्रॅमची पाकिटं करून फ्रीझरमध्ये टाकते. शनिवारी निथळायचं, आटवायचं, घालायचं.

तर या शनिवार-रविवारी करणार असाल तर केळी आजच घ्या. आणि करताना गराचं वजन, भाजायची वेळ आणि मध्याचं तापमान, तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या ब्रेडला ते तुमच्याच ओव्हनची रेसिपी होतात. आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!